हँडबॅगचा फोटो वाचायचा कसा? लातूरच्या सहा फोटोंची गोष्ट

लग्नसराई जवळ आली की व्हॉट्सअॅपच्या ग्रुपवर आणि इन्स्टाग्रामवर मोठ्या विदेशी ब्रँडच्या बॅगांचे फोटो फिरू लागतात. ‘एकदाच वापरलेली’, ‘दुबईहून आणलेली’, ‘बहिणीला गिफ्ट आली, नको आहे म्हणून विकतेय’. दुकानात लाखाच्या वर असलेली बॅग इथे चाळीस-पन्नास हजारांत मिळते असं सांगतात. नांदेड, लातूर, संभाजीनगर किंवा परभणीत बसून बघणाऱ्यापुढे अडचण अशी की तुलना करायला हातात खरी बॅग नसते. लुई व्हिताँ हा फ्रेंच ब्रँड फक्त स्वतःच्या दुकानांतून आणि स्वतःच्या वेबसाइटवरून विकतो, आणि त्याचं दुकान मराठवाड्यात नाही. जे काही ठरवायचं ते फोटोवरूनच ठरवावं लागतं.

काही जण ‘फर्स्ट कॉपी’ असं उघड सांगूनच विकतात. फर्स्ट कॉपी म्हणजे जास्त निगुतीनं केलेली नक्कल. तिथे निदान घेणाऱ्याला आपण काय घेतोय ते माहीत असतं. हा लेख अशा व्यवहाराबद्दल आहे जिथे नक्कल ‘असली बॅग’ म्हणून, असलीच्या भावानं गळ्यात मारली जाते.

फोटो काय सांगतो आणि काय सांगत नाही

एक गोष्ट आधीच पक्की करू. चांगल्या फोटोवरून बॅग नकली आहे हे बऱ्याचदा खात्रीनं सांगता येतं. ती असली आहे हे मात्र निव्वळ फोटोवरून कोणीच छातीठोकपणे सांगू शकत नाही. चामड्याचा वास, बॅगेचं वजन, चेन ओढताना हाताला लागणारा अटकाव यातलं काहीच फोटोत येत नाही. त्यामुळे फोटो बघताना ‘ही खरी वाटते का?’ असं स्वतःला विचारलं तर फसायला होतं. बॅगेचे भाग एकमेकांशी कुठे विसंगत आहेत का, हे शोधायचं.

आपल्याकडे पैठणी घेताना जाणती बाई पदर उलटून बघते. हातमागावरच्या पैठणीचा मोर मागूनही पुढच्यासारखाच दिसतो. यंत्रमागावरच्या नकलेत मागे सुटे, कातरलेले धागे दिसतात, कारण तिथे मेहनत वाचवलेली असते. बॅगेतही तेच शोधायचं: नक्कल करणाऱ्यानं वेळ आणि पैसा कुठे वाचवला?

लातूरचे सहा फोटो

लातूरच्या एका शिक्षिकेनं मला सहा फोटो पाठवले. बॅग लुई व्हिताँची ‘स्पीडी ३०’. उशीसारखी गोलसर, वर चेन, दोन गोल दांड्या, तपकिरी कापडावर सोनेरी नक्षी. ३० म्हणजे साधारण तीस सेंटिमीटर लांबी. विकणारीचं म्हणणं होतं की बॅग २०१९ मध्ये पॅरिसच्या दुकानातून घेतली, रोज ऑफिसला वापरली, आणि आता ४८ हजारांना द्यायची आहे. मॅडमचा प्रश्न साधा होता: “घेऊ का?”

हेच मॉडेल समजून घेण्यासारखं आहे. त्याची नक्कल फार होते आणि खरी स्पीडी कशी असते हे बारकाईनं माहीतही आहे. ही नक्षी, तिला मोनोग्राम म्हणतात, १८९६ मध्ये संस्थापकाचा मुलगा जॉर्ज व्हिताँ यानं आणली. त्या वेळीही कंपनीच्या पेट्यांच्या नकला सुरू होत्या, आणि त्यांना आळा घालणं हा नक्षीमागचा एक हेतू होता.

आधी नक्षी: मागच्या बाजूला अक्षरं उलटी का?

मॅडमची पहिली शंका हीच होती. पुढून एल आणि व्ही ही अक्षरं सुलट होती, मागच्या फोटोत मात्र ती डोक्यावर उभी. “एवढी मोठी कंपनी उलटं कसं छापेल?”

ही खरं तर जमेची बाजू होती. स्पीडीचं अंग एकाच अखंड तुकड्याचं असतं. तो पुढून सुरू होतो, तळाखालून वळतो आणि मागे वर जातो. तळाला जोड नसतो. कापड एकच असल्यामुळे एका बाजूची अक्षरं सुलट ठेवली की दुसऱ्या बाजूची उलटी येणारच. मोनोग्राम स्पीडीच्या दोन्ही बाजूंना अक्षरं सुलट दिसली, तर तळाला कुठेतरी जोड दिला आहे आणि बॅगेचा आराखडाच वेगळा आहे असं समजायचं. हा नियम सगळ्या मॉडेलांना लावू नका. ज्या बॅगेचा तळ वेगळ्या तुकड्याचा असतो, तिच्या दोन्ही बाजू सुलट असू शकतात.

नक्षीत दुसरं बघायचं ते सरळपणा. अक्षरांच्या आणि फुलांच्या ओळी चेनला समांतर जायला हव्यात, आणि डाव्या-उजव्या कडेला नक्षी साधारण सारख्याच ठिकाणी कापलेली हवी. कापड मांडून, मोजून कापलं तर माल वाया जातो. घाईत कापलं तर वाचतो, पण ओळी तिरक्या होतात. लातूरच्या बॅगेत ओळी सरळ होत्या. म्हणजे नक्कल असलीच, तर चांगल्यापैकी होती.

इथे एक गैरसमज दूर करतो. ‘असली बॅग पूर्ण लेदरची असते’ असं म्हणून अनेक जण मोनोग्राम बॅगच नाकारतात. पण मोनोग्रामचं अंग लेदरचं नसतंच. ते लेप दिलेलं सुती कापड असतं. चामडं फक्त दांड्यांना, पट्ट्यांना आणि कडांना असतं.

नाव: एकाच शब्दाला त्याचाच आरसा

चामड्याच्या छोट्या पट्टीवर गरम ठशानं ब्रँडचं नाव, खाली पॅरिस आणि त्याखाली कुठल्या देशात बनली ते दाबलेलं असतं. खऱ्या ठशाची काही लक्षणं ठरलेली आहेत. ‘ओ’ जवळजवळ पूर्ण गोल असतो, लांबट अंडाकृती नाही. ‘एल’ची खालची आडवी रेघ आखूड असते. दोन ‘टी’ इतके जवळ असतात की त्यांचे माथे जवळपास टेकतात.

पण ‘जवळ’ आणि ‘आखूड’ हे नवख्या डोळ्यानं ठरवायचं कसं? त्यासाठी एक उपाय आहे, आणि त्याला असली बॅग शेजारी लागत नाही. इंग्रजीत लिहिलेल्या या नावात ओ, यू, आय आणि टी ही चारही अक्षरं दोन-दोनदा येतात. फोटो मोठा करा आणि पहिल्या शब्दातला ओ दुसऱ्या शब्दातल्या ओशी ताडून बघा. मग यू, मग आय. एकाच ठशातली दोन सारखी अक्षरं सारखीच दिसली पाहिजेत: तीच गोलाई, तीच जाडी, तीच खोली. हलक्या प्रतीचा ठसा नीट कोरलेला नसतो किंवा चामड्यावर सारख्या दाबानं बसत नाही, आणि मग ही जोडी फुटते.

लातूरच्या फोटोत पहिला ओ गोल होता, दुसरा उभा लांबट. दोन टींच्या मध्ये आणखी एक रेघ मावेल एवढी जागा होती. शिवाय अक्षरांच्या कडा फुगून चामडं वर आलं होतं. ठसा जास्त गरम झाला किंवा चामडं हलकं असलं की असं होतं.

पण थांबा. फोटो अगदी जवळून, तिरका काढला असेल तर असली अक्षरंही वाकडी दिसतात. फोनची लेन्स कडेच्या वस्तू ताणून दाखवते. म्हणून एवढ्यावर निकाल द्यायचा नाही. मी मॅडमना सांगितलं की विकणारीकडून हाच ठसा पुन्हा मागवा: फोन एक हात लांब धरून, अगदी समोरून, आणि ठसा फोटोच्या मधोमध येईल असा. नवीन फोटोतही दुसरा ओ लांबटच निघाला. मग तो दोष कॅमेऱ्यावर ढकलता येत नाही.

शिवण: टाके मोजा

टाके सरळ आहेत का एवढंच बहुतेक जण बघतात. हल्ली शिलाई मशीन चांगली आहेत, सरळ टाका कोणीही घालतो. सरळपणापेक्षा टाके मोजून जास्त कळतं.

स्पीडीची दांडी बॅगेला जिथे जोडलेली असते, तिथे चामड्याच्या चार छोट्या जिभा असतात, पुढे दोन आणि मागे दोन. खऱ्या स्पीडीत या जिभेच्या वरच्या आडव्या कडेला पाच टाके असतात, आणि चारही ठिकाणी तेवढेच. दोरा मोहरीसारखा पिवळा, किंचित जाडसर. नकलेत दोरा कधी लिंबासारखा पिवळा असतो, कधी इतका बारीक की चामड्यात बुडून जातो.

नकलेत टाके चुकतात कुठे? टाका लांब घातला की तेवढ्याच वेळात जास्त शिवण होते, म्हणून स्वस्त कारखान्यात टाके लांब आणि कमी असतात. शिवाय कारागीर प्रत्येक जिभेला अंदाजानं सुरुवात करतो, त्यामुळे एका ठिकाणी पाच तर दुसऱ्या ठिकाणी सहा येतात. लातूरच्या बॅगेत तीन जिभांवर पाच-पाच टाके होते आणि चौथीवर सहा. सहावा टाका कोपऱ्यात, आधीच्या भोकाला जवळजवळ खेटून घातलेला.

चामड्याचं वय

मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते हे लक्षण. फोटो थोडा हलला तरी ते लपत नाही.

या बॅगेच्या दांड्या ज्या चामड्याच्या असतात त्याला व्हॅशेटा म्हणतात. ते रंग किंवा जाड लेप न चढवलेलं असतं. नवं असताना फिकट, सायीच्या रंगाचं. ऊन, हाताचा घाम आणि तेल लागत गेलं की ते मधासारखं होतं आणि पुढे गडद तपकिरी. मराठवाड्यातल्या उन्हात आणि घामात ते गोरं राहणं कठीणच. हा बदल सगळीकडे सारखा होत नाही: हात लागतो तिथे जास्त, कडेच्या पट्टीला कमी. तरी एकाच बॅगेतलं सगळं चामडं त्याच दिशेनं म्हातारं होत जातं.

विकणारी म्हणत होती की बॅग रोज वापरली. दांड्या खरंच मधाच्या रंगाच्या होत्या, पण वरपासून खालपर्यंत एकसारख्या. हात धरायची जागाही तेवढीच गडद आणि हात कधी लागत नाही ती टोकंही तेवढीच. चेनच्या टोकाची चामड्याची पट्टी मात्र पांढरट आणि चकचकीत. म्हणजे दांड्यांना आधीच रंग दिलेला होता आणि पट्टी लेप दिलेल्या वेगळ्या चामड्याची होती.

यालाही अपवाद आहे. कंपनीच्या दुरुस्ती विभागातून दांड्या बदलून घेतल्या तर जुन्या बॅगेला नवं, फिकट चामडं असू शकतं. तसं असेल तर विकणाऱ्याकडे दुरुस्तीची पावती असायला हवी. ती मागा.

धातूवरची अक्षरं

स्पीडीबरोबर छोटं पितळी कुलूप येतं. त्यावर ब्रँडचं नाव कोरलेलं असतं, आणि कुलपावर व किल्लीवर एकच क्रमांक असतो. चांगल्या कोरीव कामात अक्षरांच्या कडा धारदार असतात, तळ सपाट असतो आणि सगळ्या अक्षरांची खोली सारखी असते. स्वस्त धातुकाम वेगळ्या रीतीनं होतं. जस्ताचा मिश्रधातू साच्यात ओततात, अक्षरं त्या साच्यातच येतात आणि वरून सोनेरी मुलामा चढवतात. मुलामा अक्षरांच्या कोपऱ्यात साचतो, म्हणून कडा गोलसर, भरल्यासारख्या दिसतात. पाण्यानं झिजलेल्या साबणावरच्या नावासारखी ती अक्षरं ओळखू येतात, पण टोचत नाहीत.

घासलेली जागा तर अजून स्पष्ट बोलते. पितळ आतूनही पिवळंच असतं, त्यामुळे घासलं तरी खाली पिवळाच रंग दिसतो. जस्तावरचा मुलामा उडाला की खालून करडा रंग डोकावतो. वापरलेली बॅग विकत घेताना हाच फायदा: चेनचा लटकण, कड्यांची आतली बाजू, कुलपाची कड अशा घासल्या जाणाऱ्या जागांचे फोटो मागायचे. लातूरच्या बॅगेच्या चेनच्या लटकणावर कडेला करडा ओरखडा होता.

कुलपाचा आणि किल्लीचा क्रमांक मात्र जुळत नव्हता, आणि त्याला मी महत्त्व दिलं नाही. जुन्या बॅगांची कुलपं हरवतात, अदलाबदल होते, वेगळी विकली जातात. क्रमांक जुळला म्हणून बॅग असली ठरत नाही आणि जुळला नाही म्हणून नकली ठरत नाही.

आतला कोड: आकडे बरोबर, गोष्ट चूक

बॅगेच्या आत छोट्या पट्टीवर दोन अक्षरं आणि चार आकडे असतात. त्याला डेट कोड म्हणतात. पुष्कळ जणांना तो त्या बॅगेचा स्वतःचा क्रमांक वाटतो. तसा तो नाही. अनेक बॅगांवर एकच कोड असू शकतो. तो सांगतो फक्त कुठे आणि कधी.

२००७ पासूनच्या कोडमध्ये पहिला आणि तिसरा आकडा मिळून वर्षातला आठवडा, आणि दुसरा व चौथा मिळून वर्ष. लातूरच्या बॅगेवर होतं: सीए ४१७८. पहिला ४, तिसरा ७, म्हणजे ४७ वा आठवडा. दुसरा १, चौथा ८, म्हणजे २०१८. नोव्हेंबर २०१८ मध्ये बनलेली बॅग २०१९ मध्ये विकली गेली, यात वावगं काही नाही. कोडमध्ये ६८ वा आठवडा आला असता तर तिथेच काम संपलं असतं, कारण वर्षात एवढे आठवडे नसतात.

चूक अक्षरांत होती. सीए हा स्पेनच्या कारखान्याचा कोड आहे, आणि बाहेरच्या ठशावर लिहिलं होतं ‘मेड इन फ्रान्स’. एकच बॅग दोन देशांत बनू शकत नाही. नक्कल करणाऱ्यानं कुठल्यातरी खऱ्या बॅगेचा कोड जसाच्या तसा उचलला होता आणि ठसा दुसऱ्याच बॅगेवरून. कोड तपासायचा तो असा, ठशाशेजारी ठेवून. एकटा बरोबर असलेला कोड काही सिद्ध करत नाही.

मार्च २०२१ पासून कंपनीनं डेट कोड बंद करून आत न दिसणारी चिप बसवायला सुरुवात केली. म्हणून २०२२ ची म्हणून दाखवलेल्या बॅगेत कोड नसला तर घाबरू नका, उलट असला तर सावध व्हा. चिप असल्याचा दावाही पुरावा नाही, कारण नकली बॅगेतही चिप घालता येते आणि खरी माहिती वाचायची सोय कंपनीकडेच असते.

“असली बॅगेतही चूक असू शकते की!”

असू शकते. माणसाच्या हातून टाका सरकतो, ठसा किंचित हलका बसतो. म्हणूनच एका खुणेवर मी कधी निकाल देत नाही. पण एकमेकांशी संबंध नसलेल्या चुका एकाच बॅगेत जमल्या तर त्याला अपघात म्हणता येत नाही. लातूरच्या बॅगेत ठशाचा ओ, चौथ्या जिभेचे टाके, दोन प्रकारचं चामडं, करडा ओरखडा आणि कोड व ठशातला देश हे सगळं वेगवेगळ्या ठिकाणी बिघडलं होतं. मॅडमना मी ‘घेऊ नका’ असं सांगितलं.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. काही नकला इतक्या चांगल्या असतात की यातली एकही खूण फोटोत सापडत नाही. अशा वेळी ‘दोष दिसला नाही’ एवढंच म्हणता येतं. मोठी रक्कम असेल तर बॅग प्रत्यक्ष हातात घेऊनच पैसे द्यावेत किंवा जाणकाराकडून प्रत्यक्ष तपासून घ्यावी.

“पण तिच्याकडे बिल आणि कार्ड दोन्ही आहे”

कागद बॅगेपेक्षा सोपा छापता येतो. आणि लुई व्हिताँ बॅगेबरोबर ‘असलीपणाचं कार्ड’ देतच नाही. म्हणजे विकणारा ते चकचकीत कार्ड कौतुकानं दाखवत असेल तर ती उलट धोक्याची खूण आहे. ‘सेलमध्ये स्वस्त मिळाली’ हेही पटवून घेऊ नका. हा ब्रँड सेल लावत नाही.

फोटोच दुसऱ्याचे असतील तर?

हे फार घडतं. फोटो खऱ्या बॅगेचे, विदेशी वेबसाइटवरून उचललेले, आणि पार्सलमध्ये येते भलतीच वस्तू. आधी गुगल लेन्समध्ये फोटो टाकून तो आणखी कुठे सापडतो का बघा. मग विकणाऱ्याला सांगा की चिठ्ठीवर आजची तारीख लिहून, ती बॅगेशेजारी ठेवून फोटो काढा. पुढची बाजू, मागची बाजू, ठसा, आतला कोड, दांडीची जीभ आणि चेनचा लटकण असे सहा फोटो पुरतात. दारात किंवा खिडकीपाशी, थेट उन्हात नाही आणि फ्लॅशही नको, कारण फ्लॅशमध्ये धातूची अक्षरं आणि चामड्याचा रंग दोन्ही खोटे दिसतात. व्हॉट्सअॅपवर साधा फोटो पाठवला की तो दाबला जातो आणि टाके धूसर होतात. म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

खरी बॅग असणाऱ्याला या सगळ्याला दहा मिनिटं लागतात. मॅडमनी तारखेची चिठ्ठी आणि कुलपाच्या खालच्या बाजूचा फोटो मागितला, तेव्हा समोरून आधी ‘आज बाहेर आहे’ आलं, मग ‘दुसरं गिऱ्हाईक तयार आहे, लवकर ठरवा’, आणि त्यानंतर उत्तर येणं बंद झालं.

पैसे देऊन बसला असाल तर

आधी पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, सगळा संवाद, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि पैसे पाठवल्याची नोंद जपून ठेवा. विकणाऱ्याचं खातं बंद झालं तर हाच पुरावा उरतो. माणूस गायब झाला असेल किंवा पैसे फसवून घेतले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर शक्य तितक्या लवकर फोन करा, कारण पैसे पुढच्या खात्यात जायच्या आत अडवण्याची शक्यता तेव्हाच जास्त असते. विकणारा दुकानदार किंवा ऑनलाइन कंपनी असेल आणि परत घ्यायला नकार देत असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. खोटं बोधचिन्ह लावलेला माल विकणं १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्यानुसार गुन्हा आहे: सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. ‘कॉपी आहे’ असं सांगून विकलं म्हणून विकणारा यातून सुटत नाही. पण कॉपी म्हणून सांगून घेतलेल्या बॅगेसाठी ‘मला असली म्हणून फसवलं’ अशी तक्रार टिकणार नाही. म्हणून पैसे देण्याआधी विकणाऱ्याकडून ‘ही बॅग असली आहे’ हे वाक्य मेसेजमध्ये लिहून घ्या.